घातांकाला दर वेळी 4 नेच का भागायचं?

प्रश्न: घातांकाला 4 ने भागून शेवटचा अंक काढायची युक्ती मला पाठ आहे. पण 3⁷⁵ ला 7 ने भागल्यास बाकी किती, या प्रश्नात फसलो. 75 ला 4 ने भागलं, बाकी 3 आली, म्हणून शेवटचा अंक 7. मग 7 ला 7 ने पूर्ण भाग जातो म्हणून बाकी 0 लिहिली. उत्तर 6 दिलंय. युक्ती चुकीची आहे की मी?

उत्तर:

तुमचा शेवटचा अंक बरोबर आहे. 3⁷⁵ च्या एकक स्थानी खरोखरच 7 येतो. चूक त्यापुढच्या पायरीत झाली: शेवटचा अंक 7 आहे, म्हणून संख्येला 7 ने भाग जातो, असं तुम्ही धरलंत. 17 च्या शेवटी 7 आहे, पण 7 ने भागल्यावर बाकी 3 उरते. 27 च्या शेवटीही 7 आहे, तिथे बाकी 6. 37 ला भागलं तर बाकी 2. म्हणजे 7 ने भागताना शेवटच्या अंकावरून काहीच ठरत नाही.

खरं तर बाकी 0 आली तेव्हाच थबकायला हवं होतं. 3⁷⁵ म्हणजे पंचाहत्तर वेळा 3 घेऊन केलेला गुणाकार. त्यात 3 सोडून दुसरा मूळ अवयव नाही, मग त्याला 7 ने पूर्ण भाग जाईल कसा? पाया आणि भाजक यांच्यात सामाईक अवयव नसेल, तर बाकी 0 कधीच येणार नाही. ही तपासणी करायला दोन सेकंदही लागत नाहीत आणि तुमचं उत्तर इथेच बाद झालं असतं.

आता मूळ मुद्दा. कोणतीही संख्या ‘दहाची पट अधिक शेवटचा अंक’ अशी लिहिता येते. म्हणजेच शेवटचा अंक ही 10 ने भागल्यावर उरणारी बाकी आहे. दहाच्या पटीला 2 ने, 5 ने आणि 10 ने भाग जातो, म्हणून या तीन भाजकांची बाकी नुसत्या शेवटच्या अंकावरून कळते. बाकीच्या भाजकांसाठी तो उपयोगाचा नाही. 4 ने भाग जातो का हे बघायला शेवटचे दोन अंक लागतात आणि 3 किंवा 9 साठी सगळ्या अंकांची बेरीज, ते यामुळेच. 7 ला तर संख्येच्या शेपटाशी काही देणंघेणंच नाही.

मग पाठ केलेला तो 4 आला कुठून? 3 चे घात लिहून बघा, पण दर वेळी फक्त शेवटचा अंक पुढे न्या. 3, मग 9, मग 27 चा 7, मग 7 × 3 = 21 चा 1. आता 1 ला 3 ने गुणलं की परत 3, आणि तोच खेळ पुन्हा सुरू. 3, 9, 7, 1 हे चार घरांचं चक्र झालं. 2, 7 आणि 8 यांची चक्रंही चार घरांची आहेत. 4 आणि 9 यांची दोन घरांची. 0, 1, 5, 6 हे जागचे हलतच नाहीत. चार, दोन आणि एक या तिन्हींचा लसावि 4, म्हणून शेवटचा अंक काढताना घातांकाला डोळे मिटून 4 ने भागलं तरी चालतं. पण हा 4 आहे 10 या भाजकाचा. भाजक बदलला की चक्राची लांबीही बदलणार.

‘फक्त शेवटचा अंक पुढे न्या’ हे चालतं का, तर ज्या भागाला भाजकाने पूर्ण भाग जातो, त्याला कशानेही गुणलं तरी भाग जातच राहतो. बाकीत फरक पाडण्याची ताकद त्याच्यात नसते, म्हणून तो प्रत्येक पायरीवर टाकून द्यायचा. हे कारण 10 पुरतं नाही, कुठल्याही भाजकाला लागू आहे. म्हणून तुमच्या प्रश्नात तेच करायचं, फक्त शेवटच्या अंकाऐवजी 7 ने भागून उरलेली बाकी पुढे न्यायची.

3¹ ची बाकी 3.
3² म्हणजे 9, बाकी 2.
पुढे 2 × 3 = 6, बाकी 6.
6 × 3 = 18, बाकी 4.
4 × 3 = 12, बाकी 5.
5 × 3 = 15, बाकी 1.

1 आला की थांबायचं, कारण इथून पुढे पुन्हा 3, 2, 6… असंच येणार. चक्र सहा घरांचं आहे. 75 ला 6 ने भागलं तर बाकी 3, म्हणून चक्रातलं तिसरं घर, म्हणजे 6. तुमच्याकडे दिलेलं उत्तर हेच आहे. युक्तीत खोट नाही, तुम्ही 10 चं चक्र 7 ला लावलंत एवढंच.

एक गंमत सांगतो. हाच प्रश्न 3¹⁰⁰ चा असता तर काय झालं असतं? 100 ला 6 ने भागल्यावर बाकी 4, चौथं घर 4, म्हणून उत्तर 4. आता चुकीच्या वाटेने जाऊ. 100 ला 4 ने पूर्ण भाग जातो म्हणून 3⁴ = 81 घेतलं आणि 81 ला 7 ने भागलं, तर बाकी पुन्हा 4च! रीत चूक, उत्तर बरोबर. सरावात असे दोनतीन प्रश्न सुटले की चुकीची रीत डोक्यात घट्ट बसते आणि नेमकी परीक्षेत उघडी पडते. वर्गात मी हा प्रश्न मुद्दाम आधी 3¹⁰⁰ घेऊन देतो आणि मग 3¹⁰¹ घेऊन. पहिल्यात बरोबर आलेल्यांपैकी बरेच जण दुसऱ्यात आपटतात: चुकीच्या वाटेने 3 येतो, खरी बाकी 5.

चक्र किती लांब असेल याचा अंदाज आधीच घेता येतो. भाजक मूळ संख्या असेल आणि पायाला तिने भाग जात नसेल, तर चक्राची लांबी ‘भाजक वजा 1’ ला नि:शेष भागणारी असते. 7 साठी ती 1, 2, 3 किंवा 6 यांपैकीच असणार, 4 किंवा 5 कधीच नाही. हे गणितज्ञ फर्माने 1640 मध्ये एका पत्रात लिहिलं आणि ऑयलरने 1736 मध्ये मांडलेली सिद्धता 1741 मध्ये छापून आली. आपल्या कामापुरतं इतकं पुरे की चक्र लिहायचा कंटाळा आला, तर घातांकाला ‘भाजक वजा 1’ ने भागा, उत्तर चुकणार नाही. मात्र चक्र त्याहून छोटं निघू शकतं. 2 चे घात 7 ने भागले तर बाक्या 2, 4, 1 अशा येतात आणि तीन घरांत खेळ संपतो. म्हणून आधी दोनतीन पायऱ्या लिहून बघायच्या, अनेकदा तिथेच काम होतं.

लिहिताना बाकी ‘भाजक वजा 1’ आली तरी थांबता येतं. वरच्या चक्रात तिसऱ्या घरात 6 आला. 7 ने भागताना 6 आणि −1 सारखेच. 3³ म्हणजे −1, तर त्याचा वर्ग, म्हणजे 3⁶, झाला 1. पुढची तीन घरं लिहायची गरजच उरली नाही. भाजक 13 किंवा 17 असला की ही सवय निम्मी मेहनत वाचवते.

आता तुमचाच प्रश्न थोडा वाढवतो, कारण दोन चक्रं एकत्र कशी चालतात हे त्यात छान दिसतं. 2⁷⁵ + 3⁷⁵ ला 70 ने भागल्यास बाकी किती?

70 चं चक्र थेट लिहायला बसू नका. 70 म्हणजे 10 × 7, आणि 10 व 7 सहमूळ आहेत. दोघांची बाकी वेगवेगळी काढू. आधी 10, म्हणजेच शेवटचा अंक, इथे तुमचा 4 अगदी योग्य जागी आहे. 75 ला 4 ने भागून बाकी 3. 2 च्या चक्रातलं (2, 4, 8, 6) तिसरं घर 8, 3 च्या चक्रातलं तिसरं घर 7. बेरीज 15, म्हणून शेवटचा अंक 5. मग 7. 2 चं चक्र तीन घरांचं, 75 ला 3 ने पूर्ण भाग जातो, म्हणून शेवटचं घर, 1. 3 चं आपण वर काढलेलं 6. बेरीज 7, म्हणजे बाकी 0. आता 70 पेक्षा लहान, 7 ने भाग जाणारी आणि शेवटी 5 असलेली संख्या शोधायची. 7 च्या पाढ्यात 5 वर संपणारी अशी एकच आहे, 35. बाकी 35.

हाच प्रश्न एका ओळीतही सुटतो. 10 साठी घातांक दर 4 ला फिरतो, 7 साठी दर 6 ला. दोन्ही एकदम जुळायला 4 आणि 6 चा लसावि घ्या, 12. 75 ला 12 ने भागल्यास बाकी 3. म्हणजे 70 ने भागताना 75 च्या जागी सरळ 3 ठेवता येतो, आणि 2³ + 3³ = 8 + 27 = 35. पडताळा हवा असेल तर घातांक 9 घ्या, इतपत तरी हाताने करता येतं. 512 + 19683 = 20195. 70 × 288 = 20160. उरले 35. घातांक 9 ला 12 ने भागून बाकी 9 उरते, 3 नव्हे, तरी उत्तर तेच येतं. त्यामागे वेगळं कारण आहे: 3 च्या विषम पटीतला कुठलाही घातांक घेतला की या बेरजेत 2³ + 3³ = 35 हा अवयव असतोच, आणि बेरीज विषम असते. 35 ची विषम पट 70 ने भागली तर 35च उरणार.

आता जिथे मुलं सर्वांत जास्त गडबडतात ती जागा: घातांकाला चक्राच्या लांबीने पूर्ण भाग गेला आणि बाकी 0 आली. 2⁴⁰ चा शेवटचा अंक काढायचा आहे. 40 ला 4 ने भागून बाकी 0. काही जण पहिलं घर घेऊन 2 लिहितात. काही जण ‘शून्यावा घात म्हणजे 1’ असं म्हणून 1 लिहितात. दोन्ही चूक. बाकी 0 म्हणजे चक्र नुकतंच पूर्ण झालं, म्हणून शेवटचं घर, इथे 6. 3 आणि 7 च्या बाबतीत ‘शून्यावा घात 1’ ही रीत चालून जाते, कारण तिथे शेवटचं घर 1च असतं. त्यामुळे ती सवय लागते आणि 2, 4, 6, 8 वर घात करते. 2 चा प्रत्येक घात सम संख्या असतो, मग तो 1 वर संपणार कसा, एवढा विचार केला तरी चूक लक्षात येते. 0 आला की त्याच्या जागी चक्राची पूर्ण लांबी लिहायची, म्हणजे इथे 4 लिहायचे, हा माझ्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित मार्ग.

2 आणि 10 मध्ये 2 हा सामाईक अवयव आहे, म्हणून ते चक्र 1 वर येत नाही. सामाईक अवयव असला की आणखी एक गोष्ट होऊ शकते: सुरुवातीची एखादी बाकी चक्राच्या बाहेरच राहते. 2 चे घात 12 ने भागून बघा. 2, 4, 8, मग 16 ची बाकी 4, मग 8, मग 4, 8, 4, 8… पहिला 2 परत येतच नाही. चक्र फक्त 4 आणि 8 चं. अशा वेळी ‘1 येईपर्यंत लिहा’ हा नियम लावलात तर जन्मभर लिहीत बसाल. आधी आलेली कुठलीही बाकी पुन्हा आली की थांबायचं, आणि घरं मोजायला तिथपासून सुरुवात करायची. 2¹⁰⁰ मध्ये घातांक सम आहे, म्हणून बाकी 4. शेवटचे दोन अंक काढतानाही हेच होतं. 2 च्या घातांचे शेवटचे दोन अंक दर वीस घरांनी फिरतात, पण 2²¹ = 2097152 आहे. त्याच्या शेवटी 52 आहे, 02 नाही. वीसने भागून बाकी 1 आली म्हणून 02 लिहिणारा इथे फसतो.

याच प्रश्नात दुसरा सापळा संक्षेपाचा आहे. 2¹⁰⁰ ला 12 ने भागायचंय, तर वरखाली 4 ने छेदून 2⁹⁸ ला 3 ने भागू, असं कुणालाही वाटेल. तसं करायला हरकत नाही, पण मग येणारी बाकी 1 हे उत्तर नसतं. भाज्य आणि भाजक दोन्ही 4 पट लहान केले की बाकीही 4 पट लहान होते. शेवटी ती 4 ने गुणून परत मोठी करायची, 1 × 4 = 4. पर्यायांत 1 आणि 4 दोन्ही हमखास दिलेले असतात, प्रश्न काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असते.

घातांक मोठा असेल तेव्हा त्यालाही लांब भागाकार नको. 4 ने भागल्यावरची बाकी घातांकाच्या शेवटच्या दोन अंकांवरून मिळते, कारण 100 ला 4 ने भाग जातो. 7531 मध्ये फक्त 31 बघा, बाकी 3. 6 साठी असा सोपा रस्ता नाही, पण 2 आणि 3 मिळून काम होतं. 7531 विषम आहे आणि अंकांची बेरीज 16, म्हणून 3 ने भागून बाकी 1. विषम आणि 3 ने भागून बाकी 1, असा 6 पेक्षा लहान अंक 1च. म्हणून 3⁷⁵³¹ ला 7 ने भागल्यास पहिलं घर, बाकी 3.

पाया मोठा असेल तर तो भाजकाने भागून लहान करायचा. 38⁷⁵ ला 7 ने भागायचंय? 38 ची बाकी 3, प्रश्न पुन्हा 3⁷⁵ वर आला. पण हेच घातांकाच्या बाबतीत करू नका. 3⁸ मध्ये घातांक 8 ला 7 ने भागून 1 केला, तर बाकी 3 येईल. प्रत्यक्षात 3⁸ = 6561, आणि 7 × 937 = 6559, बाकी 2. पायाला भाजकाने भागायचं, घातांकाला चक्राच्या लांबीने.

हा फरक नीट समजला का ते घातांकालाच घातांक असतो तेव्हा कळतं. 3 चा घातांक 2¹⁰⁰ आहे आणि 7 ने भागून बाकी हवी आहे. 7 साठी 3 चं चक्र सहाचं, म्हणून 2¹⁰⁰ ला 6 ने भागल्यावर काय उरतं हे आधी शोधायचं. 2, 4, मग 8 ची बाकी 2, मग 4… दोन घरांचं चक्र, 100 सम, म्हणून बाकी 4. 3 च्या चक्रातलं चौथं घर 4, उत्तर 4. त्याच संख्येचा शेवटचा अंक विचारला असता, तर 2¹⁰⁰ ला 4 ने भागावं लागलं असतं. तिथे पूर्ण भाग जातो, म्हणून चक्रातलं शेवटचं घर, 1. संख्या तीच, घातांकही तोच. भाजक बदलला म्हणून एकदा घातांकाला 6 ने भागला, एकदा 4 ने.